तारण प्रवर्तकाचं, घाव छोट्या भागधारकाला

कोपरखैरण्याच्या धीरूभाई अंबानी नॉलेज सिटीत नोंदणीकृत कार्यालय असलेल्या रिलायन्स कम्युनिकेशन्सने १ फेब्रुवारी २०१९ रोजी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत जाण्याचा निर्णय जाहीर केला आणि अनिल अंबानी समूहाचे शेअर गडगडले. ४ ते ७ फेब्रुवारी या चार दिवसांत काही वित्तसंस्थांनी तारण असलेले सुमारे ४०० कोटींचे शेअर बाजारात विकले आणि त्यामुळे समूहाचं बाजारमूल्य १३,००० कोटींनी घटलं, असा आरोप समूहाने केला. एडलवाइज आणि एल अँड टी फायनान्सने तो फेटाळला. आधी नोटिसा देऊन, करारानुसारच विक्री केल्याचं त्यांचं म्हणणं होतं.

हे कसं घडतं, ते एका काल्पनिक कंपनीवरून पाहू. एकूण शेअर १ कोटी, त्यांतले ५० लाख प्रवर्तकाचे. १०० रुपये भाव असताना तो ४० लाख शेअर तारण ठेवून २० कोटी कर्ज घेतो. तारणाचं मूल्य कर्जाच्या दुप्पट राहिलं पाहिजे, ही अट. भाव ७० वर आला की तारण उरतं २८ कोटींचं. दुप्पट करायला आणखी सुमारे १७ लाख शेअर हवेत. त्याच्याकडे १० लाखच मोकळे आहेत. मग तेही तारण ठेवून वर अडीच कोटी रोख भरायचे, नाहीतर सावकार शेअर विकणार. विक्रीने भाव आणखी पडतो, तारण आणखी तोकडं होतं आणि पुन्हा विक्री होते. ज्या छोट्या भागधारकाने हे कर्ज घेतलंच नाही, त्याचीही पुंजी यात वितळते.

२००९ च्या सत्यम प्रकरणानंतर सेबीने असं तारण उघड करणं बंधनकारक केलं. शेअर तारण ठेवले, सोडवले किंवा सावकाराने ताब्यात घेतले, तर मार्च २०२२ पर्यंत प्रवर्तकाने सात कामकाजी दिवसांत शेअर बाजाराला आणि कंपनीला कळवायचं असे. ऑक्टोबर २०१९ पासून प्रवर्तकांच्या हिश्श्याचा निम्मा किंवा कंपनीच्या भांडवलाचा २० टक्के भाग अडकला, तर कारणंही सविस्तर द्यावी लागतात. वरच्या उदाहरणात हे प्रमाण अनुक्रमे ८० आणि ४० टक्के आहे.

पण २०१९ मध्ये मुदत होती सात दिवसांची आणि पडझड झाली चार दिवसांत! म्हणून बातमीची वाट न पाहता आधीच आकडे पाहिलेले बरे. बीएसई-एनएसईच्या संकेतस्थळांवर दर तिमाहीच्या भागधारणा तक्त्यात तारण शेअरांचा रकाना असतो. सविस्तर कारणांच्या प्रपत्रात तारणाचं मूल्य आणि कर्ज यांचं गुणोत्तरही मिळतं. मात्र ते त्या दिवशीच्या भावाचं असतं. आजच्या भावाने ते पुन्हा मांडावं. कोणत्या भावाला सावकार विकायला काढेल, हे कर्जाच्या करारात असतं आणि तो करार छोट्या भागधारकाच्या हाती येत नाही. तेव्हा गुणोत्तर घसरत असताना प्रवर्तकाकडे मोकळे शेअर किती उरलेत, हे आधी मोजावं. ते संपत आले असतील, तर पुढच्या घसरणीत विक्री टाळण्यासाठी त्याच्याकडे रोख रकमेखेरीज फारसं काही उरलेलं नसतं.