वांग वेईच्या कवितेतील ‘रिकामा डोंगर’: एका अक्षराचा अर्थ

चीनमधील तांग काळातील कवी वांग वेई (आठवे शतक) हा बौद्ध उपासक होता. त्याने ‘मोच्ये’ हे उपनाव घेतले होते. त्याचे ‘वेई’ आणि हे ‘मोच्ये’ एकत्र वाचले की ‘वेइमोच्ये’ होते. विमलकीर्ती या गृहस्थ बोधिसत्त्वाचे हे चिनी नाव आहे. त्याची ‘लू चाइ’ ही कविता केवळ चार ओळींची, वीस अक्षरांची आहे. ती आपण शब्दशः कशी वाचावी, ते पाहू.

आधी शीर्षक. ‘लू’ म्हणजे हरीण आणि ‘चाइ’ म्हणजे कुंपण. हे कवीच्या लानथियान येथील वाडीतील एका जागेचे नाव. पण सारनाथच्या मिगदायाचे, म्हणजे मृगदावाचे, चिनी नावही ‘लू’ याच अक्षराने सुरू होते. त्यामुळे बौद्ध वाचकाला प्रथम धम्मप्रवचनाची भूमी आठवते.

कवितेची पहिली दोन अक्षरे आहेत ‘खोंग’ आणि ‘शान’. ‘शान’ म्हणजे डोंगर. ‘खोंग’ म्हणजे रिकामा. आणि बौद्ध सूत्रांच्या चिनी अनुवादात ‘शून्यता’ यासाठी हेच अक्षर वापरले गेले. अनेक अनुवादक येथे ‘निर्जन डोंगर’ लिहितात आणि तिथेच घोटाळा होतो. कारण पुढच्याच ओळीत माणसांचे बोलणे ऐकू येते. डोंगर निर्जन असेल तर बोलते कोण?

उत्तर ‘श्यांग’ या अक्षरात आहे. त्याचा अर्थ आवाज, तसेच प्रतिध्वनी. प्रतिध्वनीला स्वतःचे वेगळे अस्तित्व नसते. बोलणारा, दरी आणि ऐकणारा असे प्रत्यय जुळले की तो उमटतो, नाहीतर नाही. प्रज्ञापारमिता सूत्रांत शून्यतेसाठी प्रतिध्वनीची उपमा येते ती याच कारणाने. म्हणून ‘खोंग’ म्हणजे ‘काहीच नाही’ असे नव्हे.

दुसरी चूक ‘मी’ची. मूळ कवितेत पाहण्याची क्रिया आहे, पण पाहणारा कोण ते सांगितलेले नाही. चिनी भाषेत कर्ता गाळता येतो. अनुवादक ‘मी पाहतो’ असे लिहितो, तेव्हा कवीने मोकळी ठेवलेली जागा तो भरून टाकतो. मराठीत ‘दिसत नाही’ म्हटले की ही अडचण आपोआप सुटते.

शेवटी ‘फान चिंग’, म्हणजे परतणारा प्रकाश. मावळतीचे तिरपे ऊन रानात शिरून शेवाळावर पडते. शेवाळाचा रंग सांगणारे ‘छिंग’ हे अक्षर हिरवा आणि निळा या दोन्ही छटांसाठी वापरले जाते.

एक मर्यादा मात्र लक्षात ठेवावी. तांग काळातील प्रत्येक ‘खोंग’ म्हणजे शून्यता नव्हे. अनेक ठिकाणी त्याचा अर्थ फक्त शांत किंवा मोकळा असा असतो. आजूबाजूची अक्षरे धम्माच्या अर्थाला आधार देतात का, हे तपासूनच तो अर्थ लावावा. या कवितेत प्रतिध्वनी आणि कर्त्याविना पाहणे हा आधार देतात.