गंजलेला नळ, दोन पाने

जळगाव-धुळ्यातल्या अंगणातला जुना नळ बहुधा अर्ध्या इंची, म्हणजे १५ मिमीच्या जीआय पाइपवर असतो. बोअरचं पाणी जड असलं, की क्षार आट्यांत जमतात. पितळी नळाला लागून पाइपचं जस्त आधी झिजतं, मग लोखंड गंजतं आणि नळ जाम होतो. तो काढायला दोन पाने लागतात.

• तयारी: मेन व्हॉल्व बंद करून नळ उघडा ठेवावा. सांध्यावर गंज सोडवणारं तेल सोडून रात्रभर मुरू द्यावं.

• धरणारा पाना: पाइप पाना भिंतीलगतच्या सॉकेटवर लावतात. तो फिरवायचा नाही, घट्ट धरायचा. एकट्या पान्याने जोर लावला, तर भिंतीतला सांधा सुटतो आणि प्लॅस्टरच्या आत गळती सुरू होते. ओल दिसेपर्यंत ती कळत नाही.

• फिरवणारा पाना: स्क्रू पाना नळाच्या सपाट कडांवर बसवून समोरून पाहता घड्याळाच्या उलट दिशेने ओढतात. आधी किंचित घट्ट दिशेला हलवलं, तर गंजाची पकड तुटते.

• धोक्याची खूण: नळ फिरतोय, पण बाहेर सरकत नाही, म्हणजे पितळ पिळलं जातंय. तिथेच थांबून पुन्हा तेल सोडावं. आटे सॉकेटमध्ये तुटले, तर हॅकसॉच्या पात्याने आतून चीर पाडून तुकडा काढावा लागतो.