कॅटलॉगमधला पलंग खऱ्यापेक्षा मोठा का दिसतो? बेडरूमचं चित्र वाकडं न होऊ देण्याचं गणित

नांदेडच्या दुकानदाराने व्हॉट्सॲपवर कॅटलॉग पाठवला. लातूरच्या कुटुंबाने त्यातला सहा बाय साडेसहाचा पलंग पसंत करून आगाऊ रक्कमही दिली. चित्रात पलंगाच्या दोन्ही बाजूंना ऐसपैस जागा होती, समोर खुर्ची होती, कोपऱ्यात कुंडी होती. घरची खोली मात्र दहा बाय बाराची. पलंग लावल्यावर दोन्ही बाजूंना जेमतेम दोन-दोन फूट उरले आणि कपाटाचं दार पूर्ण उघडेना. असा प्रसंग कुठल्याही दुकानात घडू शकतो. यात दुकानदार खोटं बोललेला नसतो, माप बरोबरच लिहिलेलं असतं. फसवतं ते चित्र.

आता कॅटलॉगसाठी खरी खोली सजवून फोटो काढणं कमी होत चाललं आहे. आयकियाने 2006 साली बर्टिल नावाच्या साध्या लाकडी खुर्चीचं संगणकावर बनवलेलं चित्र वापरलं. 2014 पर्यंत त्यांच्या उत्पादनांच्या सुमारे 75 टक्के प्रतिमा अशाच बनवलेल्या होत्या आणि बहुतेकांना फरक कळलाही नव्हता. ब्लेंडरसारखं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यामुळे हे काम जिल्ह्याच्या ठिकाणी बसूनही करता येतं. अडचण येते ती पलंगाची, कारण खोलीतली सर्वात मोठी आणि सर्वात चौकोनी वस्तू तीच. कुंडी थोडी चुकली तर कुणी बघत नाही. पलंग चुकला की लगेच खटकतो, फक्त नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही.

सगळ्यात जास्त चूक होते ती कॅमेरा किती लांब ठेवायचा यात. वरच्याच खोलीचं उदाहरण घेऊ. पलंगाचं डोकं भिंतीला टेकलेलं आहे आणि लांबी साडेसहा फूट. कॅमेरा त्या भिंतीपासून 10 फुटांवर ठेवला, तर पलंगाचं पायथ्याचं टोक कॅमेऱ्यापासून फक्त साडेतीन फुटांवर येतं. वस्तू जितकी जवळ तितकी मोठी दिसते, म्हणून 10 भागिले 3.5 करा. पायथ्याकडची बाजू डोक्याकडच्या बाजूच्या जवळपास 2.9 पट रुंद दिसेल. पलंग समोर पसरलेला आणि मागे निमुळता होतो आणि खोली उगाचच खोल वाटते.

आता कॅमेरा 18 फुटांवर न्या. पायथा साडेअकरा फुटांवर येतो आणि 18 भागिले 11.5 म्हणजे साधारण 1.6 पट. दाराजवळ उभं राहून डोळ्यांना पलंग असाच शांत दिसतो.

पण बारा फुटांच्या खोलीत अठरा फूट लांब जायचं कसं? खऱ्या खोलीत ते शक्यच नाही. म्हणून फोटोग्राफर 18 मिलिमीटरसारखी रुंद लेन्स लावतो, मोबाईलवाला 0.5x दाबतो आणि खोली हॉलसारखी दिसू लागते. संगणकावरच्या खोलीत मात्र पुढची भिंत काढून टाकता येते आणि कॅमेरा सरळ खोलीबाहेर नेता येतो. मग ब्लेंडरमध्ये Focal Length 50 ठेवलं, की पायथ्याजवळ सुमारे सव्वाआठ फूट रुंदी चौकटीत मावते. सहा फुटांचा पलंग आणि बाजूला थोडी जमीन, एवढं नीट बसतं. दोष लेन्सवर ढकलतात, पण पलंग निमुळता किती होणार हे अंतर ठरवतं. लेन्स फक्त चौकट कापते. मात्र रुंद लेन्सचा एक त्रास वेगळा आहे. चौकटीच्या कडेला असलेला गोल दिवा ताणून अंड्यासारखा दिसतो.

दुसरी गोष्ट उभ्या रेषांची. पलंगाचा वरचा भाग दिसावा म्हणून कॅमेरा खाली झुकवला, की भिंतीचे कोपरे, दाराची चौकट, कपाटाच्या कडा खालच्या बाजूला एकमेकींकडे सरकतात. खोली वरून फाकलेली दिसते. उपाय असा की कॅमेरा झुकवायचाच नाही. ब्लेंडरमध्ये Rotation X बरोबर 90 ठेवा आणि उंची साधारण चार फूट. आता पलंगाचे पाय चौकटीबाहेर जातील. त्यासाठी Shift Y उणे 0.15 च्या आसपास करा. कॅमेरा सरळच राहतो, फक्त चौकट खाली सरकते. आपल्या उदाहरणात पायथ्याजवळ ती सव्वा फूट खाली येते आणि पलंगाची पूर्ण बैठक दिसू लागते. जुने स्टुडिओ कॅमेरे पुढची काच सरकवून हेच करत.

प्रमाणाचं काय? पलंगाचा आकार डोळा त्याच्या आजूबाजूच्या वस्तूंवरून ठरवतो. म्हणून आधी गादी घ्या, 78 बाय 72 इंच, आणि तिच्याभोवती पलंग बांधा. गादीचा वरचा भाग जमिनीपासून 18 ते 20 इंचांवर असला की माणूस सहज बसू शकेल असा वाटतो. मग उशा 27 बाय 17 इंचांच्या ठेवा. रुंदीत दोन उशा ठेवल्या तर 54 इंच भरतात आणि मध्ये-कडेला मिळून 18 इंच उरतात. इंटरनेटवरून उतरवलेली उशी न मोजता टाकली आणि तीन उशा आरामात बसल्या, तर सहा फुटांचा पलंग आठ फुटांचा वाटतो. लॅमिनेटच्या लाकडी रेषांचंही तसंच. रेषा खऱ्यापेक्षा जाड झाल्या की अख्खा पलंग बाहुलीच्या घरातला दिसतो. किनवटच्या सागाच्या रेषा आपल्याकडच्या सुतारांनी आयुष्यभर पाहिलेल्या असतात, त्यांना हे पहिल्या नजरेत कळतं. चित्र पाठवण्याआधी एखाद्या मिस्त्रीला दाखवणं म्हणूनच फायद्याचं.

तरीही बऱ्याच दुकानांत हे कुणी करत नाही. शोरूममधल्या पलंगाचा मोबाईलने फोटो काढायचा, कापायचा आणि तयार बेडरूमवर चिकटवायचा, असा शॉर्टकट असतो. सावली वगैरे जमते, पण पलंग तरंगत असल्यासारखा वाटतो. कारण शोरूमचा फोटो उभ्याने, साडेपाच फुटांवरून काढलेला असतो आणि खोलीचा फोटो चार फुटांवरून. एकाच चित्रात दोन माणसांच्या डोळ्यांची उंची येते.

हे पकडायला पट्टी पुरते. चित्राची प्रिंट काढा किंवा फोनवर त्यावर रेघा मारा. पलंगाच्या दोन लांब कडा मागे वाढवा आणि त्या जिथे मिळतील तिथे टिंब करा. मग पलंगाला समांतर जाणाऱ्या फरशीच्या सांध्यांच्या रेषाही मागे वाढवा. पलंग भिंतीला सरळ लावलेला असेल, तर दोन्ही जोड्या एकाच टिंबावर यायला हव्यात. फरशीचं टिंब खाली आणि पलंगाचं वर आलं, तर पलंग चिकटवलेला आहे. चित्र स्वतः बनवत असाल आणि तरी टिंबं जुळत नसतील, तर पलंग एक-दोन अंशांनी फिरलेला आहे का ते आधी तपासा.

फरशीवरून मापही काढता येतं. आपल्याकडे दोन बाय दोनची फरशी सर्रास असते. पलंगाच्या पायथ्याला लागून फरशा मोजा. सहा फुटांच्या पलंगाखाली तीन फरशा यायला हव्यात, चौकट जाड असेल तर थोडं जास्त. अडीचच आल्या, तर चित्रातला पलंग पाच फुटांचा आहे किंवा फरशीचं माप चुकलं आहे. मग भिंतीपर्यंतच्या फरशा मोजून खोली किती रुंद दाखवली आहे ते पाहा. सात-आठ फरशा निघाल्या, तर ती चौदा-सोळा फुटांची खोली आहे. आगाऊ रक्कम देण्याआधी दुकानदाराला एवढंच विचारा, "दहा बाय बाराच्या खोलीत हाच पलंग लावलेलं चित्र आहे का?" ज्याच्याकडे मापात बांधलेली संगणकावरची खोली आहे, त्याला फक्त दोन भिंती आत सरकवायच्या असतात.