फिरते खाद्यविक्री वाहन : शिरूर व दौंड परिसरातील व्यवसाय-नियोजन

खाद्यविक्रीचे वाहन सुरू करू इच्छिणारा तरुण बहुधा प्रथम गाडी घेतो आणि जागा मागाहून शोधतो. प्रस्तुत लेखकाच्या मते हा क्रम उलटा असावयास हवा. शिरूर तालुक्यातील रांजणगाव आणि दौंड तालुक्यातील कुरकुंभ या औद्योगिक वसाहतींमध्ये ग्राहक पाळी सुटण्याच्या वेळी एकदम येतो व अर्ध्या तासात पांगतो. एका खिडकीतून दर वीस सेकंदांस एक बशी दिली, तरी त्या अवधीत नव्वदच बशा जातात. बाहेर चारशे माणसे असली तरी विक्रीची मर्यादा हीच राहते. दौंड जंक्शनबाहेर मात्र गर्दी विखुरलेली, परंतु दिवसभराची असते.

पदार्थांची निवड या वेगावरून ठरते. मिसळ येथे सोयीची ठरते. उसळ व कट घरून तयार करून आणता येतो, फरसाण कोरडे राहते आणि वाढण्यास तीनच हालचाली लागतात. मात्र कट साठ अंशांच्या वर तापलेला राहिला पाहिजे. कोमट भांड्यात मोडाची मटकी उन्हाळ्यात लवकर आंबते. कडेने बारीक फेस व आंबूस वास आला, की ते भांडे टाकून द्यावे. वड्याची बटाट्याची भाजीही याच कारणाने जोखमीची आहे.

आता वाहन. ‘छोटा हत्ती’ म्हणून परिचित असलेल्या वर्गातील गाडीची भारक्षमता सुमारे ७५० किलो धरू. लोखंडी सांगाडा व पत्रा २५०, ओटा-शेगडी १२०, शंभर लिटर पाणी १००, व्यावसायिक गॅसच्या दोन भरलेल्या टाक्या ७०, माल व भांडी ८० आणि दोन माणसे १२० किलो, अशी बेरीज ७४० होते. म्हणजे शीतकपाटास जागाच उरत नाही! पाण्याची टाकी मागील आसावर, आडव्या पडद्यांसह बसवावी. अन्यथा अर्धवट भरलेले पाणी वळणावर गाडी हेलकावते. गॅस हवेपेक्षा जड असल्याने टाक्यांच्या कप्प्यास तळाशी झरोके हवेत, छताशी नव्हेत.

वाहनाच्या रचनेतील बदलास मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये परिवहन कार्यालयाची मान्यता लागते; ती सांगाडा बांधण्यापूर्वी विचारावी. अन्नसुरक्षा कायद्याखालील नोंदणी वा परवाना उलाढालीनुसार मिळतो. खरी अडचण उभे राहण्याच्या हक्काची आहे. शिरूर व दौंड नगरपरिषदांच्या हद्दीत २०१४ चा पथविक्रेता अधिनियम लागू होतो; परंतु रेल्वेच्या मालकीची जागा त्यातून स्पष्टपणे वगळली आहे. त्यामुळे विक्रीचे प्रमाणपत्र हाती असूनही दौंड स्थानकाच्या आवारात ते निरुपयोगी ठरते. राष्ट्रीय महामार्गाच्या जमिनीसही स्वतंत्र परवानगी लागते. अशा स्थितीत रस्त्यालगतच्या खाजगी मालकाशी लेखी करार करून, त्यात सांडपाणी व कचऱ्याची व्यवस्था नमूद करणे, हा मार्ग थोडे भाडे पडले तरी अधिक टिकाऊ दिसतो.