तीस सेकंदांचा अभंग

आपल्या मोबाइलवर कुणी फोन केला आणि आपण उचललाच नाही, तर घंटी साधारण तीस सेकंद वाजते आणि थांबते. भारतात हा अवधी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २०१९ साली ठरवून दिला. मोबाइलसाठी तीस सेकंद, लँडलाइनसाठी साठ. त्यामुळे रिंगटोनसाठी चार मिनिटांचं अख्खं गाणं लावलं, तरी वाजतात ती पहिली तीसच सेकंदं, आणि बऱ्याच गाण्यांची तेवढी सुरुवातीच्या वाद्यमेळातच संपतात. म्हणजे हवी ती ओळ कापून काढायलाच हवी. कुठून कापायची आणि कुठे थांबायचं, यावरच पुढचं सगळं ठरतं.

एक उदाहरण घेऊ. गावच्या भजनी मंडळाचं घरी केलेलं रेकॉर्डिंग आहे, त्यातल्या एका अभंगाचं ध्रुपद रिंगटोन म्हणून हवंय. रेकॉर्डिंग घरचंच घेतलं याला कारण आहे. गाण्यांच्या अ‍ॅपवर उतरवून ठेवलेली गाणी कुलूपबंद असतात, ती त्या अ‍ॅपबाहेर उघडत नाहीत. कापायला आपल्या हातात खरीखुरी फाइल लागते: स्वतः रेकॉर्ड केलेली, विकत घेतलेली किंवा सीडीवरून उतरवलेली. कापण्यासाठी संगणकावरचं ऑडॅसिटी पुरेसं आहे, ते फुकट मिळतं.

भजनी ठेका आठ मात्रांचा. घड्याळ लावून मात्रा मोजल्या आणि मिनिटाला ९६ भरल्या, तर एका मात्रेला ०.६२५ सेकंद लागतात आणि एका आवर्तनाला पाच सेकंद. पाच आवर्तनं घेतली की पंचवीस सेकंद. ही लांबी मला सर्वांत सोयीची वाटते, कारण आयफोनवरही रिंगटोन तीस सेकंदांच्या आत ठेवणं सुरक्षित असतं. सेकंदांचा आकडा आधी धरून गाणं त्यात कोंबण्यापेक्षा पूर्ण आवर्तनं मोजून जी लांबी येईल ती घ्यावी. क्लिप संपली आणि घंटी अजून वाजतेच आहे, तर फोन ती पुन्हा पहिल्यापासून लावतो. तुकडा पूर्ण आवर्तनांचा असेल तर ठेका न अडखळता पुढे चालू राहतो. साडेचार आवर्तनांवर कापला, तर ऐकणाऱ्याला नेमकं कारण सांगता येत नाही, पण काहीतरी चुकल्याचं लगेच जाणवतं.

आता कापायचं कुठून? मनात पहिलं उत्तर येतं, समेवरून. पण गाणारे पुष्कळदा समेच्या आधीच ओळ उचलतात. आपल्या अभंगात ओळ सातव्या मात्रेवर सुरू होते. समेवर कापलं तर पहिला शब्दच जाईल. म्हणून सातव्या मात्रेवरून सुरुवात करायची आणि पाच आवर्तनांनंतरच्या सातव्या मात्रेच्या किंचित आधी थांबायचं. सुरुवात कुठल्याही मात्रेवरून केली तरी चालते. शेवट त्याच मात्रेच्या दारात झाला पाहिजे, एवढंच.

समजा सुरुवात एक मिनिट १२.४० सेकंदांवर आली. हिशेबाप्रमाणे शेवट एक मिनिट ३७.४० वर यायला हवा. तिथे कान लावला तर ओळीचा पहिला शब्द सुरू होऊन गेलेला असतो. खरी सातवी मात्रा ३७.१२ वर सापडते. भजनात लय हळूहळू चढतेच, माणसं काही घड्याळाला बांधून गात नाहीत. हिशेबाने जवळ पोहोचायचं, नेमकी जागा कानाने आणि पडद्यावरच्या तरंगरेषेने ठरवायची. आपली क्लिप अशी २४.७२ सेकंदांची झाली.

आता कापलेल्या टोकांकडे वळू. ध्वनीची रेषा मधल्या शून्याच्या वर-खाली हलत असते. ती वर असतानाच कापली, तर स्पीकरच्या पडद्याला शांततेतून एकदम त्या उंचीवर उडी मारावी लागते, आणि ती उडी ‘टक्’ अशी ऐकू येते. ऑडॅसिटीत तुकडा निवडून `Z` दाबलं, की निवडीची दोन्ही टोकं जवळच्या शून्यावर सरकतात. तरीही सुरुवातीला पाच-दहा मिलिसेकंदांचा, म्हणजे सेकंदाच्या शंभराव्या भागाइतका `Fade In` द्यावा. तो थापेच्या किंवा शब्दाच्या किंचित आधी संपला पाहिजे. म्हणून कापताना दहा मिलिसेकंद मागून कापायचं. दोन सेकंदांचा हळुवार चढ रिंगटोनला मी कधीच देणार नाही: त्यात पहिला शब्द बुडतो आणि खिशातल्या फोनचा आवाज कानावर यायलाही उशीर होतो.

शेवटाचं गणित वेगळं. आपल्या तुकड्यात ठेका अखंड चालू राहायला हवा, म्हणून तिथेही वीसेक मिलिसेकंदांचा `Fade Out` पुरतो. पण शेवटी गायकाने स्वर लांबवला असेल, तर तो मध्येच तोडू नये. तिथे शेवटच्या चार मात्रांवर, म्हणजे अडीच सेकंदांवर, आवाज उतरवत न्यावा. साधा `Fade Out` सरळ रेषेत उतरतो, पण कान आवाजाची पट्टी तशी मोजत नाही. अर्ध्या वाटेपर्यंत फारसं काही उतरल्यासारखं वाटत नाही आणि शेवटी आवाज एकदम गळून पडतो. `Studio Fade Out` वापरला तर उतार कानाला नैसर्गिक लागतो. एक मात्र फेडने होत नाही: सुरुवातीला मागच्या ओळीची शेपटी ऐकू येत असेल, तर ती लपत नाही. मग कापायची जागाच बदलावी, गायकाने श्वास घेतलाय अशी दुसरी उचल शोधावी.

हेडफोनवर छान वाजलेली क्लिप फोनवर मिणमिणती का वाटते, हेही सांगतो. फोनच्या इवल्याशा स्पीकरमधून पखवाजाच्या डाव्या बाजूचा घुमारा जवळपास येतच नाही, पण फाइलमध्ये तो बरीच जागा अडवून बसतो. `High-Pass Filter` मध्ये २०० हर्ट्झ ठेवून तो कमी केला आणि मग `Normalize` ने शिखर उणे १ डेसिबलवर आणलं, की टाळ आणि आवाज पुढे येतात. हे आधी करायचं, फेड सगळ्यांत शेवटी. फेडनंतर आवाजाची चढउतार दाबणारा एखादा इफेक्ट लावला, तर केलेले उतार पुन्हा वर उचलले जातात.

फाइल सांभाळायची तर अँड्रॉइडसाठी ओजीजी स्वरूपात. एमपीथ्रीच्या दोन्ही टोकांना कोडिंगमुळे शांततेचा बारीकसा पट्टा चिकटतो आणि पुन्हा वाजताना ठेका तिथे चुकतो. फाइल फोनच्या `Ringtones` फोल्डरमध्ये ठेवली की सेटिंग्जमधल्या यादीत दिसते. आयफोनवर ती गॅरेजबँड अ‍ॅपमध्ये घेऊन तिथून रिंगटोन म्हणून पाठवता येते.

मेसेजच्या सूचनेसाठी मात्र हीच क्लिप वापरू नका. सूचनेचा आवाज एकदाच, पण पुरता वाजतो. कुटुंबाच्या ग्रुपवर सकाळी शुभेच्छा येऊ लागल्या की पंचवीस सेकंदांचा अभंग घरातल्यांना नकोसा होईल. त्याच रेकॉर्डिंगमधून टाळांचा एकच ठोका घ्या. थापेच्या दहा मिलिसेकंद आधी सुरुवात, पुढे सव्वा सेकंदात तो विरत जाऊ द्या, आणि शेवटच्या अर्ध्या सेकंदावर `Studio Fade Out`. ही फाइल `Notifications` फोल्डरमध्ये जाते.