प्रत्येक इनपुटला स्वतःचं चित्र

गेमसाठी चित्र नीट लावलं आणि रात्री बातम्या लावल्या, तर निवेदकाचा चेहरा भगभगीत दिसतो. टीव्ही बिघडलेला नसतो. एका इनपुटवरचा बदल तो सगळ्यांना लावत असतो, इतकंच.

सॅमसंगच्या बऱ्याच टीव्हींत याची कळ पिक्चरच्या एक्स्पर्ट सेटिंग्जमध्ये असते: `Apply Picture Settings`. तिथे `All Sources` ऐवजी `Current Source` निवडा, आणि तेही रंग-उजेड जुळवण्याआधी. मग कन्सोलच्या एचडीएमआयवर जाऊन गेम मोड, स्ट्रीमिंग बॉक्सवर मूव्ही किंवा फिल्ममेकर, अँटेनावर स्टँडर्ड असं एकेक ठरवा. खात्रीसाठी एका इनपुटवर रंग शून्यावर न्या. दुसरं इनपुटही कृष्णधवल झालं, तर सेटिंग अजून सामाईकच आहे.

खरी गोची पुढे आहे. चित्राची सेटिंग ठेवताना टीव्ही उपकरण पाहत नाही, इनपुट पाहतो. कन्सोल आणि बॉक्स दोन्ही साउंडबारमधून एकाच केबलने आले, तर टीव्हीच्या लेखी ते एकच. वेगळी सेटिंग हवी असेल तर त्यांना टीव्हीचे वेगवेगळे पोर्ट द्या; आवाज एआरसीच्या पोर्टमधून साउंडबारकडे परत पाठवता येतो.

शिवाय एचडीआरचा कप्पा बहुतेक टीव्हींत निराळा असतो. साध्या चित्रपटावर केलेली मेहनत एचडीआर सिनेमा सुरू होताच गायब वाटते. ती पुसलेली नसते. एचडीआर दृश्य चालू ठेवूनच त्याची सेटिंग पुन्हा करावी लागते.