गच्चीवर टॉवर घेण्याआधी

मोबाइल टॉवरचा विषय निघाला की सोसायटीच्या सभेत दोनच प्रश्नांवर आवाज चढतात: भाडं किती मिळणार, आणि किरणांनी काही होईल का. किरणांचं थोडक्यात सांगतो. आंतरराष्ट्रीय शिफारशीच्या एक दशांश एवढी कडक मर्यादा भारताने 2012 मध्ये लागू केली. दूरसंचार खात्याच्या ‘तरंग संचार’ पोर्टलवर जवळपासच्या टॉवरांची माहिती मिळते आणि शुल्क भरून मोजणीही मागवता येते. मला त्याहून जास्त धास्ती वाटते ती इमारतीच्या अंगावर येणाऱ्या भाराची, आणि मग कराराची.

टॉवरचं वजन किती, असं सगळे विचारतात. खरा प्रश्न वाऱ्याचा असतो. समजा नऊ मीटर उंचीचा, तीन-तीन मीटरवर चार पाय असलेला टॉवर आहे आणि त्याचं वजन 2.4 टन आहे. म्हणजे वारा नसताना प्रत्येक पायावर 600 किलो. इमारतींच्या डिझाइनसाठी मुंबईत वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 44 मीटर, म्हणजे ताशी सुमारे 158 किलोमीटर धरतात; पुण्यात 39 मीटर. अशा वाऱ्याचा एकूण दोन टन जोर टॉवरवर सहा मीटर उंचीवर लागला, तर वाऱ्याकडच्या दोन्ही पायांना प्रत्येकी दोन टनांनी उचल मिळते आणि पलीकडचे दोन पाय तेवढ्याच जोराने खाली दाबले जातात. वजन जमेस धरलं तर एका बाजूचा प्रत्येक पाय इमारतीला 1.4 टनांनी वर खेचतो, दुसऱ्या बाजूचा 2.6 टनांनी खाली रेटतो. वावटळीत दिशा बदलली की ओढ आणि दाब यांची अदलाबदल होते.

गच्चीचा स्लॅब हे सोसायला केलेलाच नसतो. माणसांच्या वावरासाठी तो चौरस मीटरला साधारण 150 किलो जादा भार धरून बांधतात. म्हणून टॉवरचे पाय स्लॅबवर टेकता कामा नयेत. खालच्या कॉलमच्या डोक्यावर ठोकळे उभारून, त्यांवर लोखंडी तुळया टाकून भार थेट कॉलममध्ये उतरवावा लागतो. बॅटऱ्यांच्या कपाटाचंही तेच. जुन्या पद्धतीच्या शिसे-आम्लाच्या बॅटऱ्यांचा संच टनाच्या घरात जाऊ शकतो, आणि तो जेमतेम एका चौरस मीटरवर उभा असतो.

ठोकळा उभारायचा म्हणजे गच्ची फोडून कॉलमच्या सळया उघड्या करणं आलं. तिथलं वॉटरप्रूफिंग गेलं की पहिल्याच पावसाळ्यात सर्वांत वरच्या मजल्यावर ओल उतरते. पाणी सळयांपर्यंत पोहोचलं की त्या गंजून फुगतात आणि स्लॅबचा खालचा थर पापुद्र्यासारखा सुटतो. तुळई आणि गच्ची यांत हात घालून दुरुस्ती करता येईल एवढी फट ठेवायला लावा. गळती दुरुस्त कोण करणार, किती दिवसांत, हेही लिहून घ्या.

कंपनी आपल्या इंजिनिअरचा दाखला देईलच. तो पुरेसा मानू नका. सोसायटीने स्वतः नेमलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी करून घ्या. त्याचा खर्च कंपनीकडे मागायला संकोच नको. इमारतीचे आरसीसी नकाशे हरवले असतील, आणि ते बऱ्याचदा हरवलेलेच असतात, तर काँक्रीट आणि सळया यांची चाचणी केल्याशिवाय आकडेमोडीला अर्थ नाही. इमारत तिशी ओलांडलेली असेल आणि कॉलमना तडे दिसत असतील, तर माझं मत सरळ आहे: नको म्हणा.

आता करार. मसुदा बहुधा कंपनीचा असतो. त्यात कंपनीला थोड्या दिवसांच्या नोटिशीने निघून जाता येतं, सोसायटी मात्र वर्षानुवर्षं बांधलेली, असं कलम आहे का पाहा. पुनर्विकासाची बोलणी सुरू झाली की हेच कलम आडवं येतं. बिल्डरला रिकामी इमारत हवी असते आणि टॉवर जागचा हलत नाही. पुनर्विकासाचा किंवा मोठ्या दुरुस्तीचा ठराव झाल्यावर ठरावीक मुदतीत कंपनी स्वखर्चाने टॉवर काढेल, हे स्पष्ट शब्दांत हवं. दुसऱ्या ऑपरेटरचे अँटेना चढवायचे तर दर वेळी सोसायटीची लेखी परवानगी, भाराची नवी तपासणी आणि वाढीव भाडं, हेही.

कंपनी बुडाली तर? एअरसेल 2018 मध्ये दिवाळखोरीत गेली. दिवाळखोरी कायद्याखाली स्थगिती लागू झाली, की त्या कंपनीच्या ताब्यातली जागा मालकालाही परत घेता येत नाही आणि थकलेल्या भाड्यासाठी इतर देणेकऱ्यांसोबत दावा दाखल करावा लागतो. म्हणून टॉवर उतरवण्याच्या खर्चाएवढी तरी अनामत आधी घ्या. याउलट टॉवर देतो म्हणून कोणी तुमच्याकडेच ‘नोंदणी शुल्क’ मागत असेल, तर तो ठग आहे.

वीज वेगळ्या मीटरवर हवी. भाड्यावरच्या कराचा हिशोब सीएकडून आधीच करून घ्या, कारण सभासदांच्या वर्गणीला मिळणारी सूट बाहेरच्या कंपनीच्या भाड्याला लागू होत नाही.

सभेची नोटीस काढाल तेव्हा इंजिनिअरचा अहवाल आणि कराराचा मसुदा तिला जोडा, आणि वरच्या मजल्यावरच्या कुटुंबांचं म्हणणं मतदानाआधी लेखी मागवा.